पाइपातला पॅराबोला: सरासरी वेग अर्धाच का?

निषाद_मेक
नमस्कार मंडळी. सेकंड इयर मेकॅनिकलला आहे, पुढच्या आठवड्यात फ्लुइड मेकॅनिक्सची ओरल आहे. गोल पाइपातून संथ, लॅमिनार प्रवाह, त्याचं वेगाचं प्रोफाइल पॅराबोला येतं, भिंतीला शून्य आणि मधोमध सगळ्यात जास्त, इथपर्यंत पाठ आहे. अडलंय पुढे.

मी वहीत ग्राफ काढला. पॅराबोलाखालचं क्षेत्रफळ म्हणजे त्याच्याभोवतीच्या चौकटीच्या दोन-तृतीयांश, हे बारावीपासून डोक्यात बसलंय. मग सरासरी वेग पण कमाल वेगाच्या दोन-तृतीयांश यायला पाहिजे ना? पुस्तकात अर्धा दिलाय. इंटिग्रेशन केलं की अर्धाच येतो, ते मान्य, पण ग्राफकडे बघितलं की दोन-तृतीयांशच दिसतो. यातलं खोटं कोण बोलतंय?

आणि दुसरं, डेरिव्हेशनमध्ये एक `C1 = 0` टाकतात, ते का हे विचारलं तर सर म्हणाले तेवढं लिही, मार्क मिळतील. मार्क मिळतीलच हो, पण ओरलला बाहेरचे एक्स्टर्नल येणारेत आणि ते नेमकं तेच विचारतात असं सीनियर सांगतात.

बंड्या_पंक्चर
एक्स्टर्नलला चहा-पोहे वेळेवर द्या, C1 आपोआप शून्य होतो.

सुमेधा_क
बंड्या 😄

निषाद, खोटं कोणीच बोलत नाहीये, तुझा ग्राफ फक्त वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतोय. तू पाइपाच्या व्यासावर एक रेघ मारलीस आणि त्या रेघेवरच्या वेगांची सरासरी काढलीस. ती दोन-तृतीयांशच येते, बरोबर आहे. पण पाणी रेघेतून वाहत नाही, अख्ख्या गोलातून वाहतं. गोलात मधोमधच्या बिंदूभोवती जागा अगदी थोडी असते आणि भिंतीजवळच्या कड्याला जागा भरपूर असते. म्हणजे जोरात पळणाऱ्या पाण्याला जागा कमी आणि रेंगाळणाऱ्याला जास्त. सरासरी खाली ओढली जाणारच.

आकड्यात बघ. त्रिज्येच्या अर्ध्यापर्यंतचा आतला गोल घे. त्याचं क्षेत्रफळ एकूणच्या फक्त पाव. पण त्यातून एकूण प्रवाहाच्या जवळजवळ ४४ टक्के पाणी जातं. उरलेल्या पाऊण जागेतून बाकीचं ५६ टक्के. हे स्वतः काढून बघ, `u · 2πr dr` चं इंटिग्रेशन `0` ते `R` न करता `R/2` पर्यंतच कर, एकूण प्रवाहाने भागलंस की `7/16` येईल.

तुझ्या ग्राफमध्ये नाहीये तो हा `2πr`. कड्याचा घेर त्रिज्येसोबत वाढतो, तो गुणला की

```
Q = ∫ u · 2πr dr
```

आणि मग अर्धा. `2πr` विसरून नुसतं `∫ u dr` केलंस की दोन-तृतीयांश. वेग मोजणारी सुई कुठे ठेवली तर सरासरी वेगच दाखवेल हे पण ओरलला विचारतात. मधोमध नाही आणि अर्ध्या त्रिज्येवर पण नाही, `0.707R` वर.

C1 चं संध्याकाळी लिहिते, आत्ता शिफ्ट चालू आहे.

अर्धवट_वैज्ञानिक
सुमेधाताईंचं बरोबरच आहे, मी फक्त भर घालतो. पॅराबोला का येतो ते बर्नुलीने समजतं. मधोमध वेग जास्त म्हणजे तिथे प्रेशर कमी, भिंतीजवळ वेग कमी म्हणजे प्रेशर जास्त. म्हणून पाणी भिंतीकडून मध्याकडे ढकललं जातं आणि मधे वेग वाढतो. विमानाच्या पंखासारखंच.

निषाद_मेक
@सुमेधा_क ताई, `7/16` आला!! आता डोक्यात बसलं. संध्याकाळची वाट बघतो.

@अर्धवट_वैज्ञानिक हे पण ओरलला लिहू का?

कोयनाकाठ
लिहू नकोस रे बाबा.

जुना_फिटर
आमच्याकडे बोअरला दोन इंची पाइप आहे, पाणी टाकीत चढायला फार वेळ लागतो. मागे कोणीतरी सांगितलं होतं की पाइप दुप्पट केला की पाणी सोळापट येतं, तो हाच फॉर्म्युला ना? मग चार इंची टाकला तर मोटर तीच चालेल का. आणि सरासरी अर्धी म्हणता म्हणजे निम्मं पाणी वाया जातंय का पाइपात?

सुमेधा_क
आले. आधी अर्धवट_वैज्ञानिक.

तुमचं म्हणणं ऐकायला छान वाटतं पण तसं होत नाही. सरळ पाइपात प्रवाह एकदा बसला की एका आडव्या कापात सगळीकडे प्रेशर सारखंच असतं, मधोमध पण आणि भिंतीला पण (वजनामुळे वर-खाली जो फरक पडतो तेवढाच). पाणी आडवं मध्याकडे सरकतच नाहीये, प्रत्येक थेंब आपापल्या रेघेत पुढेच चाललाय. आडवं ढकलणारं काही असतं तर तो सरकला असता ना? आणि बर्नुली घर्षण नसलेल्या ठिकाणी चालतो. इथे तर अख्खी गोष्टच घर्षणाची आहे. प्रेशर कमी होतं ते लांबीच्या दिशेने, आणि तेवढंच.

आता निषादचं C1. खरं सांगायचं तर तो C1 टाळता येतो, म्हणून मी नेहमी बळांच्या हिशोबापासून सुरुवात करते. पाइपाच्या मधोमध पाण्याचाच एक दंडगोल मनात धर, त्रिज्या `r`, लांबी `L`. मागच्या तोंडावर प्रेशर जास्त, पुढच्या तोंडावर कमी, त्यामुळे तो पुढे ढकलला जातोय. पण त्याचा वेग वाढत नाही. का? कारण बाहेरचं हळू चाललेलं पाणी त्याच्या अंगाला धरून मागे खेचतंय. दोन्ही बळं सारखी:

```
Δp · πr² = τ · 2πr · L
τ = Δp · r / (2L)
```

इथे थांबून बघ. ढकलणारं बळ `r²` ने वाढतं, धरून ठेवणारा पृष्ठभाग `r` ने. म्हणून ताण मध्याशी शून्य आणि भिंतीला कमाल, सरळ रेषेत. अजून चिकटपणाचा उल्लेख पण आलेला नाही. म्हणजे हे पाण्याला लागू, डांबराला लागू, आणि खवळलेल्या प्रवाहालासुद्धा लागू, तिथे फक्त सरासरीने बघायचं.

चिकटपणा पुढच्या ओळीत येतो. `τ = −μ du/dr`. वजा का, तर मध्यापासून भिंतीकडे जाताना वेग कमी होतो, `du/dr` स्वतःच ऋण आहे आणि आपल्याला τ धन हवाय. बस एवढंच. मग

```
du/dr = −Δp · r / (2μL)
u = (Δp / 4μL) · (R² − r²)
Q = πR⁴Δp / (8μL)
```

एकच इंटिग्रेशन, एकच स्थिरांक, आणि तो भिंतीला वेग शून्य या अटीने सुटतो. C1 कुठे आलाच नाही.

पुस्तकात नेव्हिअर-स्टोक्सपासून सुरू करतात म्हणून दोनदा इंटिग्रेट करावं लागतं आणि `C1 ln r` असं एक पद येतं. मध्याला `r = 0`, तिथे `ln r` उणे अनंताला जातो. पाण्याचा वेग अनंत असू शकत नाही म्हणून C1 शून्य. एक्स्टर्नल पुढे हमखास विचारतील: एकात एक दोन पाइप आहेत आणि पाणी मधल्या फटीतून वाहतंय, आता C1 शून्य का? उत्तर: नाही. तिथे `r = 0` ला पाणीच नाही, ते पद ठेवावंच लागतं आणि दोन्ही भिंतींच्या अटी लावून दोन्ही स्थिरांक काढायचे.

जुना_फिटर काका, पाणी काहीच वाया जात नाहीये 🙂 अर्धा म्हणजे मधल्या सगळ्यात वेगवान पाण्याच्या अर्धा, एवढंच. तुमच्या बोअरचं नंतर कोणीतरी सांगेल.

टोपणनाव_सुचेना
वाचनखूण साठवली. ज्यांना चित्र डोळ्यासमोर येत नाही त्यांच्यासाठी: जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल आठवा, एकात एक नळ्या. मधली सगळ्यात पुढे गेलेली, बाहेरची तिथेच. प्रत्येक नळी बाहेरच्या नळीला घासत पुढे चाललीय.

अर्धवट_वैज्ञानिक
ताई प्रेशरचं पटलं. पण मग एक सांगा, भिंतीला वेग शून्य हे कोणी ठरवलं? काच गुळगुळीत आहे, पाणी घसरत का नाही?

कोयनाकाठ
@अर्धवट_वैज्ञानिक हा प्रश्न मात्र भारी आहे आणि तुम्ही चांगल्या कंपनीत आहात. स्टोक्सने १८४५ मध्ये गोल पाइपाचा हा पॅराबोला काढला होता, पण भिंतीला पाणी चिकटून राहतं की घसरतं याची त्याला खात्री नव्हती.

गंमत म्हणजे `R⁴` त्याच्याआधीच सापडला होता, आणि तो सुद्धा प्रयोगाने. पॅरिसमधला डॉक्टर, प्वाझय नावाचा, त्याला रक्त बारीक केशवाहिन्यांतून कसं वाहतं ते बघायचं होतं. रक्त लगेच गोठतं म्हणून त्याने बारीक काचेच्या नळ्या घेतल्या आणि त्यातून हवेच्या दाबाने पाणी ढकललं. १८४० च्या सुमारास त्याने जाहीर केलं की प्रवाह दाबाच्या प्रमाणात, लांबीच्या व्यस्त, आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात आहे. पॅराबोला वगैरे काही नाही, μ पण नाही, नुसती मापं. जर्मनीत हागेन नावाच्या जलअभियंत्याने १८३९ मध्ये पितळी नळ्यांवर साधारण तेच काढलं होतं म्हणून दोघांची नावं जोडतात. पॅराबोलातून `π/8` सकट पूर्ण सूत्र काढणं १८६० च्या आसपासचं, हागेनबाख वगैरे मंडळींचं. आणि ते प्वाझयच्या आकड्यांशी जुळलं ते भिंतीला वेग शून्य धरूनच. घसरत असतं तर चौथा घात इतका स्वच्छ आला नसता.

अगदी सूक्ष्म नळ्यांत, पाणी न धरणाऱ्या भिंतींवर, थोडं घसरतं असं म्हणणारे आहेत. तिथे मी मत देत नाही, माझा प्रांत नाही.

जुना_फिटर
माझ्या बोअरचं?

कोयनाकाठ
काका, सोळापट विसरा. हे सूत्र संथ प्रवाहाचं आहे. दोन इंची पाइपात पाणी सेकंदाला एक मीटर जरी चाललं तरी रेनॉल्ड्स नंबर पन्नास हजार येतो, आणि संथपणा साधारण २३०० ला संपतो. तुमच्या पाइपात पाणी घुसळत चाललंय, पॅराबोला नाही, प्रोफाइल मधे बरंच सपाट आणि भिंतीजवळ एकदम पडलेलं. घर्षणात तेवढाच दाब खर्च करायचा असेल तर व्यास दुप्पट केल्यावर साधारण सहापट पाणी जाईल. पण तुमच्या बोअरला बहुतेक दाब घर्षणात जातच नसेल, पाणी वर उचलण्यातच जात असेल. मग पाइप बदलून फार काही हाती लागणार नाही. आधी बोअर किती खोल आणि मोटर किती हॉर्सपॉवर ते सांगा, पण वेगळा धागा काढून.

गच्चीवरची_बाग
पाइपाचा विषय निघालाच आहे तर माझं पण विचारते, धागा हायजॅक वाटला तर सांगा. गच्चीवर कुंड्यांना मी बादलीने ठिबक केलंय. बादली स्टँडवर, त्यातून ठिबकवाल्यांकडे मिळते ती बारीक मायक्रोट्यूब, आतून १.२ मिमी म्हणे, लांबी एक मीटर. बादलीतल्या पाण्याच्या पातळीपासून नळीचं टोक साधारण एक मीटर खाली.

सकाळी सातला दहा मिनिटं भांड्यात पाणी धरलं तर २९० मिली. दुपारी दोनला तेच केलं तर ५२० मिली! नळी तीच, बादली तीच. हे कसं? दुपारी कुंड्या वाहून जातात अक्षरशः. (नागपूर, मार्च.)

बंड्या_पंक्चर
दुपारी नागपुरात पाणी पण सावलीत पळतं हो.

निषाद_मेक
ताई, मी गणित लावून बघतो थांबा, प्रॅक्टिस होईल.

एक मीटर उंची म्हणजे ९८०० पास्कल. `R = 0.6` मिमी, `R⁴ = 1.296 × 10⁻¹³`. पाण्याचा μ वीस अंशाला ०.००१ धरला.

```
Q = π × 1.296e-13 × 9800 / (8 × 0.001 × 1)
  = 5.0e-7 m³/s  = 0.5 ml/s
```

दहा मिनिटांत ३०० मिली!!! तुम्हाला २९० आलं. वेग ०.४४ मीटर प्रति सेकंद, रेनॉल्ड्स ५३० च्या आसपास, म्हणजे संथच. विश्वास बसत नाहीये, पहिल्यांदाच वहीतलं काहीतरी कोणाच्या तरी गच्चीवर खरं ठरलं.

सुमेधा_क
शाब्बास. पण इतकं जुळलं म्हणून हुरळू नकोस, थोडं नशीब पण आहे. १.२ मिमी हे विकणाऱ्याने सांगितलेलं. व्यास एक टक्का इकडेतिकडे असेल, म्हणजे शंभरावा भाग मिलिमीटर, तरी प्रवाह चार टक्क्यांनी बदलतो. ताईंना बघायचं असेल तर दहा मीटर नळी पाण्याने भरून फुंकून बाहेर काढायची आणि ते पाणी सोनाराच्या काट्यावर तोलायचं. खरंच १.२ असेल तर साडेअकरा ग्रॅमच्या जरा खाली भरेल. नळीच्या तोंडावर पट्टी लावून व्यास मोजण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

दुसरं, नळीत शिरल्या शिरल्या पॅराबोला नसतो. तोंडाशी सगळं पाणी साधारण एकाच वेगाने शिरतं, मग भिंत हळूहळू त्याला धरत जाते आणि काही अंतराने प्रोफाइल बसतं. ते अंतर साधारण `0.06 × Re × D`, म्हणजे इथे चारेक सेंटिमीटर. एक मीटरच्या मानाने किरकोळ. शिवाय पाण्याला स्थिर स्थितीतून वेग द्यायला थोडी उंची खर्च होते, इथे दोनेक सेंटिमीटर. म्हणजे ३०० चे २९४ धर. पण हीच नळी दहा सेंटिमीटरची असती तर या गोष्टी किरकोळ राहिल्या नसत्या आणि सूत्राने भलतंच जास्त उत्तर दिलं असतं.

दुपारचं उत्तर μ मध्ये आहे. पाणी तापलं की पातळ होतं. वीस अंशाला μ ०.००१, चाळीसला ०.०००६५. तेवढ्यानेच प्रवाह दीडपट होतो.

डॉ_भटकी
@कोयनाकाठ प्वाझय डॉक्टर होता हे आवडलं, आमच्यातला म्हणायचा. आम्ही हेच रोज वापरतो, अपघाताचा पेशंट आला की जाड आणि आखूड कॅन्युला लावायची, लांब सेंट्रल लाइन नाही. चौथ्या घातामुळे.

कोयनाकाठ
@डॉ_भटकी जाड-आखूड बरोबरच, पण चौथा घात तिथे पूर्ण लागू नाही असं वाटतं. कॅन्युला तीन-चार सेंटिमीटरची, सलाइन जोरात सोडलं की प्रोफाइल बसेपर्यंत नळीच संपते. आत्ता सुमेधाताईंनी आखूड नळीचं सांगितलं तेच.

डॉ_भटकी
हो, पाकिटावरचे आकडे बघितले तर तसंच दिसतं. हिरवी अठरा नंबर मिनिटाला नव्वद-शंभर मिली, निळी बावीस नंबर पस्तीसच्या आसपास. फरक आहेच, पण चौथ्या घाताने जेवढा यायला हवा तेवढा नाही. तरी रात्री दोन वाजता इंटर्नला एवढंच सांगते, हिरवी लाव. रक्ताचं तर विचारूच नका, ते पाण्यासारखं वागत नाही.

अर्धवट_वैज्ञानिक
गच्चीचं मला कळलं. काळी बारीक नळी उन्हात पडलीय, त्यात पाणी गरम होतं, μ कमी होतो. नळीवर ओलं फडकं टाका, प्रश्न मिटला.

सुमेधा_क
पाणी नळीत राहतं दोन सेकंद. एक मीटर लांब आणि दोन-तीन मिलिमीटर जाड नळीवर पडणारं ऊन म्हणजे फार तर तीन वॅट. सेकंदाला अर्धा ग्रॅम पाणी, ते दीड अंश तापेल. फार फार तर गच्चीचा तापलेला स्लॅब खालून अजून थोडी भर घालत असेल. मुख्य म्हणजे बादलीतलंच पाणी गरम असणार. ताई, बादलीत थर्मामीटर टाकून बघाल का? आणि दुपारी बादली भरता ती टाकीच्या नळाने का?

गच्चीवरची_बाग
हो टाकीच्याच नळाने, टाकी पण गच्चीवरच, काळी. आज मोजलं: सकाळी २१, दुपारी ३८. (मुलाचा तापाचा थर्मामीटर चालेना, शेवटी मत्स्यटाकीतला वापरला, मासे नाराज आहेत.)

कोयनाकाठ
वा, आता एक मजा. प्वाझयने μ नावाची गोष्ट वापरली नव्हती म्हटलं ना, पण तापमान त्याने सोडलं नव्हतं. पाण्यासाठी त्याच्या सूत्रात असा एक कंस होता:

```
1 + 0.0336793·T + 0.000220992·T²
```

T म्हणजे सेल्सिअस अंश. २१ टाकून बघा, १.८०५ येतो. ३८ टाका, २.५९९. भागाकार १.४४. आजच्या तक्त्यातला μ घेतला, २१ ला ०.०००९७८ आणि ३८ ला ०.०००६७८, तरी भागाकार १.४४ च येतो. पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षांपूर्वी हाताने काढलेले आकडे आहेत हे.

निषाद_मेक
बाप रे. पण मग २९० गुणिले १.४४ म्हणजे ४१८. ताईंना ५२० आलं. शंभर मिली कुठून आले?

टोपणनाव_सुचेना
नळी प्लॅस्टिकची आहे, उन्हाने फुगली असेल. चौथा घात आहे ना.

सुमेधा_क
फुगते, पण सतरा अंशांत व्यास एक टक्क्याच्या दशांश-दोन दशांश. चौपट केलं तरी टक्का पण नाही. आणि शंभर मिली म्हणजे पंचवीस टक्के. शिवाय वेग वाढला की शिरतानाचा तोटा पण वाढतो, म्हणजे खरं तर ४१८ पेक्षा थोडं कमीच यायला हवं होतं. प्रवाह खवळला म्हणावं तर रेनॉल्ड्स साडेतेराशेच्या आसपास, तिथेही नाही, आणि खवळला असता तर पाणी कमी आलं असतं, जास्त नाही.

ताई, सकाळी मोजताना बादली किती भरलेली होती आणि दुपारी किती?

गच्चीवरची_बाग
सकाळी रात्रीचं उरलेलं असतं, तळाला असेल थोडं. दुपारी भरून घेतल्यावर मोजलं. म्हणजे बहुतेक. एक मीटर मी कधी मोजला होता तेच आठवत नाही आता, बहुधा सकाळचाच.

सुमेधा_क
बादली फूटभर खोल असते. सकाळी उंची एक मीटर आणि दुपारी सव्वा मीटर धरली तर १.२५ गुणिले १.४४ म्हणजे १.८, आणि तुमचं ५२० भागिले २९० पण १.८. पण हे मी मागून आकडा बसवलाय, त्यामुळे यावर माझाच विश्वास नाही. दोन्ही वेळा बादलीवर एकाच खुणेपर्यंत पाणी ठेवून परत मोजा.

गच्चीवरची_बाग
रविवारी करते. मधे पाहुणे आहेत. तोपर्यंत दुपारी नळीला गाठ मारून ठेवलीय.

अर्धवट_वैज्ञानिक
माझा अजूनही नळीवर थोडा संशय आहे. रविवारी ओलं फडकं टाकून पण एकदा मोजा, हरकत काय.

शेवटच्या_बाकावरून
सगळा धागा वाचला नाही, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सरासरी दोन-तृतीयांशच. माझ्या जुन्या वहीत स्वच्छ लिहिलंय, `u_avg = (2/3) u_max`, लॅमिनार, पॅराबोला. पुस्तकात छपाईची चूक असेल.

निषाद_मेक
दादा, वहीत वर कुठेतरी "दोन समांतर प्लेट्स" असं लिहिलंय का बघा. दोन सपाट पाट्यांमधून वाहिलं तर कडं वगैरे काही नाही, `2πr` येत नाही, प्रत्येक थराला सारखीच जागा, तिथे दोन-तृतीयांश बरोबर. गोल पाइपाला अर्धा.

शेवटच्या_बाकावरून
हो रे, वर प्लेट्सच आहेत. पण मग मधलं काय? म्हणजे चपटा पाइप, लंबगोल तोंडाचा. त्याला अर्धा की दोन-तृतीयांश?

निषाद_मेक
चपटा करत नेला की प्लेट्ससारखा होतो, म्हणजे अर्ध्यापासून हळूहळू दोन-तृतीयांशकडे जात असेल ना?

सुमेधा_क
वाटतं तसं खरं, पण नाही. लंबगोल कितीही चपटा केला तरी अर्धाच राहतो. दोन्ही टोकांना तो निमुळता होतो, आणि तिथे पाणी रेंगाळतं, तेवढ्याने हिशोब अर्ध्यावरच राहतो. चपटा चौकोनी केलास तर मात्र दोन-तृतीयांशकडे जाईल. लंबगोलाचं प्रोफाइल `1 − x²/a² − y²/b²` घेऊन स्वतः करून बघ, ओरलच्या आधी जमेल.

बंड्या_पंक्चर
बाकी काही असो, एक्स्टर्नलना पोहे चपट्या ताटलीतच द्या.